सव्वा विद्यार्थी

नोव्हेंबर सुरू झाला की माझ्या मेलबॉक्सात एकाच मजकुराचे मेल येऊ लागतात. "सर, एलओआरचा ड्राफ्ट जोडला आहे. वेळ मिळेल तसं बघून सही कराल का?" मी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकल शिकवतो आणि गेली काही वर्षं विभागप्रमुख आहे. त्यामुळे परदेशी एमएसला अर्ज करणाऱ्या मुलांच्या शिफारसपत्रांचा मोठा वाटा माझ्याच टेबलावर येतो. अनेक विद्यापीठांची मुदत डिसेंबरात संपते, आणि मुलांना आमची आठवण तिच्या पंधरा दिवस आधी होते.

आमच्याकडची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त मोठ्याने कुणी बोलत नाही. पत्र विद्यार्थीच लिहितो, सर लेटरहेडवर प्रिंट काढून सही करतात. विद्यार्थ्याने ते सीनियरकडून घेतलेलं असतं आणि सीनियरने त्याच्या सीनियरकडून. इंजिनिअरिंग ड्रॉइंगची शीट काचेवर ठेवायची, खालून दिवा लावायचा आणि दुसऱ्याचं चित्र गिरवायचं, याला आमच्याकडे 'जीटी मारणं' म्हणतात, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. शीट तपासताना जीटी मी लांबून ओळखतो. पत्रांची जीटी मात्र कित्येक वर्षं सही करून पुढे पाठवत होतो.

तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात एका रात्री मी एकामागून एक पत्रं अपलोड करत बसलो होतो. विद्यापीठाच्या पोर्टलवर पत्राबरोबर एक तक्ताही भरावा लागतो. तुम्ही शिकवलेल्या विद्यार्थ्यांत हा कुठे बसतो: टॉप दोन टक्के, पाच टक्के, दहा टक्के, पंचवीस टक्के, आणि त्याखाली. विद्यापीठागणिक टक्के थोडे बदलतात, तक्ता तोच. मी सवयीने पहिल्या गोलावर क्लिक करत होतो. आठव्या पत्रापाशी चहा आला, मी थांबलो आणि सहज हिशेब केला. वर्ग साठचा. साठचे दोन टक्के म्हणजे एक पूर्णांक दोन, ढोबळमानाने सव्वा विद्यार्थी. त्या सव्वा जागेत मी सात जण बसवले होते. वडापच्या जीपमध्येसुद्धा इतकी दाटी नसते.

त्यातले चार जण एकाच विद्यापीठाला अर्ज करत होते. म्हणजे तिथल्या समितीपुढे एकाच माणसाची, एकाच महिन्यातली चार पत्रं जाणार होती आणि चारही जण माझ्या मते सर्वांत वरचे. माझ्या सहीची किंमत किती उरली हे त्यांना कळायला दुसरं पत्र पुरलं असेल.

आठवं पत्र एका मुलीचं होतं. तिचा ड्राफ्ट इंग्रजीत होता, मराठीत सांगायचा तर असा: "ही विद्यार्थिनी अत्यंत कष्टाळू, प्रामाणिक आणि नम्र आहे. तिची आकलनशक्ती उत्कृष्ट असून विश्लेषणात्मक विचार करण्याची क्षमता वाखाणण्याजोगी आहे. ती उत्तम संघभावनेने काम करते व तिच्यात नेतृत्वगुण आहेत. वर्गात ती नेहमी प्रश्न विचारत असे. मी शिकवलेल्या सर्वोत्तम विद्यार्थ्यांपैकी ती एक आहे. ती आपल्या विद्यापीठाला भूषण ठरेल याची मला खात्री आहे."

ही मुलगी वर्गात प्रश्न विचारत नसे. तिचा चेहरा मला नीट आठवत होता तो त्याच कारणाने. तिसऱ्या बाकावर, भिंतीकडेला, दोन वर्षं गप्प.

मी हजेरीपट उघडला आणि तिचा ड्राफ्ट शेजारी ठेवून एकेक वाक्य रोल नंबर एकपासून खाली लावत गेलो. कष्टाळू: चाळीस जणांना लागू. नम्र: सही मागायला आलेल्या सगळ्यांना लागू. संघभावना: ज्याला ग्रुप प्रोजेक्ट होता त्या प्रत्येकाला. पत्रातलं एकही वाक्य असं नव्हतं की जे फक्त तिच्याच रोल नंबरपाशी थांबेल. 'वर्गात प्रश्न विचारत असे' हे तर तिच्यापाशीच थांबत नव्हतं.

असं का लिहितो आपण? मला वाटतं, याचं मूळ शाळा सोडल्याच्या दाखल्यात आहे. त्यात 'प्रगती' आणि 'वर्तणूक' असे दोन रकाने असतात आणि त्यात हेडक्लार्क वर्षानुवर्षं 'चांगली', 'चांगली' असं लिहीत आला आहे. तिथे ते बरोबरच आहे. दाखल्याचं काम एवढंच सांगणं की या मुलाबद्दल आमची तक्रार नाही. कॅरेक्टर सर्टिफिकेटही त्याच जातीचं. आपण शिफारसपत्राला या दाखल्यांचा थोरला भाऊ समजतो, फक्त 'चांगली'च्या जागी 'उत्कृष्ट' लिहितो. पत्र वाचणाऱ्याला मात्र तक्रार आहे की नाही हे विचारायचंच नसतं. त्याच्यापुढे तक्रार नसलेल्यांचाच ढीग असतो.

पॉल ग्राइस नावाच्या तत्त्वज्ञाने यावर एक उदाहरण दिलं आहे, भाषाशास्त्र शिकणाऱ्यांना ते पाठ असतं. तत्त्वज्ञानाच्या नोकरीसाठी अर्ज केलेल्या विद्यार्थ्याबद्दल त्याचे शिक्षक लिहितात की त्याचं इंग्रजी उत्तम आहे आणि तो तासांना नियमित येत असे. आपला, वगैरे. संपलं पत्र. त्यात एकही वाईट शब्द नाही, पण वाचणाऱ्याला लगेच कळतं की तत्त्वज्ञानाबद्दल सांगण्यासारखं काही नव्हतं. आपली 'कष्टाळू, नम्र, नियमित' ही पत्रं हेच काम करतात. मुलाला वाटतं सरांनी कौतुक केलं, समिती वाचते की सरांना काही आठवलं नाही.

त्या रात्री मी ते पत्र पाठवलं नाही. मुदतीला अजून नऊ दिवस होते. सकाळी तिला मेल केला: ड्राफ्ट नको. मी शिकवलेल्या विषयांची जर्नलं घेऊन ये, अर्जासाठी स्वतःबद्दल लिहिलेलं निवेदन, म्हणजे तुझं एसओपी पाठव, आणि माझ्या तासात किंवा लॅबमध्ये घडलेलं तुला जे जे आठवतं ते पाच ओळींत लिही, मग ते कितीही फुटकळ असू दे.

पाच ओळी आल्या. पहिल्या चार अपेक्षेप्रमाणे होत्या: गुण, टेक्निकल फेस्टची समन्वयक, एका परिषदेत वाचलेला पेपर, प्रोजेक्टला मिळालेलं बक्षीस. त्यातलं काहीही माझ्यासमोर घडलेलं नव्हतं, आणि ते सगळं तिच्या बायोडेटात होतंच. पाचवी ओळ जवळजवळ माफीच्या सुरात होती. "व्हेंचुरीमीटरचं जर्नल मला दोनदा लिहावं लागलं होतं."

मी जर्नल उघडलं. आणि मग मला अर्धं आठवलं.

ज्यांनी ही लॅब केलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हेंचुरीमीटर म्हणजे मध्ये निमुळता केलेला पाइप. अरुंद भागात पाण्याचा वेग वाढतो आणि दाब घटतो. दाबातला हा फरक पाऱ्याच्या यू-नळीत, म्हणजे मॅनोमीटरमध्ये दिसतो, एका बाजूचा पारा खाली, दुसऱ्या बाजूचा वर. त्या फरकावरून सूत्राने प्रवाह काढायचा, हा झाला कागदावरचा प्रवाह. खरा प्रवाह मोजायला पाइपचं पाणी टाकीत सोडायचं आणि पातळी दहा सेंटीमीटर चढायला किती सेकंद लागतात ते बघायचं. खऱ्याला कागदावरच्याने भागलं की येतो तो डिस्चार्ज कोइफिशंट, म्हणजे सीडी. वाटेत घर्षणाने थोडी ऊर्जा जाते, त्यामुळे खरा प्रवाह कागदावरच्यापेक्षा थोडा कमीच भरतो आणि सीडी एकच्या खाली राहतो, सहसा ०.९५ ते ०.९८. हे उत्तर प्रत्येक विद्यार्थ्याला आधीपासून माहीत असतं, कारण मागच्या वर्षीचं जर्नल प्रत्येकाकडे असतं.

तिच्या जर्नलात पहिल्या रीडिंगचा सीडी १.०४ होता. खरा प्रवाह कागदावरच्यापेक्षा जास्त, म्हणजे पाणी पाइपात वाटेतच कुठून तरी पैदा होत होतं. पुढची तीन रीडिंग १.००, ०.९९, ०.९८. मी त्यावर लाल शेरा मारला होता: "सीडी एकपेक्षा जास्त? पुन्हा करा." पुढच्या पानावर संपूर्ण प्रयोग पुन्हा लिहिलेला होता आणि चारही उत्तरं ०.९७ च्या आसपास होती. त्याखाली माझी सही.

त्या वेळी मी काय समजलो असेन? हेच की पोरगी मित्राची वही बघून आकडे सुधारून आली. पण ओरलच्या वेळी मी तिला त्यावरच विचारलं होतं, आणि तिने दिलेलं उत्तर मला तीन सेमिस्टरनंतरही शब्दशः आठवत होतं. ती म्हणाली होती, "सर, चूक गुणाकाराची नव्हती, बेरजेची होती."

हे वाक्य मला आठवत होतं आणि तरी मी 'विश्लेषणात्मक क्षमता वाखाणण्याजोगी'वर सही करायला निघालो होतो.

तिचं म्हणणं असं होतं. टाकीचं माप चुकलं असतं किंवा पाइपचा व्यास चुकीचा धरला असता, तर चारही उत्तरं सारख्याच पटीत चुकली असती. तसं झालं नव्हतं. प्रवाह कमी होता तिथे चूक मोठी होती आणि प्रवाह वाढला तशी ती विरत गेली होती. म्हणजे कुठेतरी एक ठरावीक आकडा प्रत्येक रीडिंगमधून वजा होत होता. पाऱ्याचा फरक साडेतीन सेंटीमीटर असताना अर्धा सेंटीमीटर हरवला तर खूप, साडेचोवीस असताना हरवला तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

पुढचा भाग मला माहीतच नव्हता. तो सांगितला आमच्या लॅब असिस्टंटनी, ज्यांना सगळं कॉलेज 'भाऊ' म्हणतं. मी जर्नल घेऊन त्यांच्याकडे गेलो तर ते हसले. "ती होय! दुसऱ्या दिवशी नऊला माझ्या आधी दारात. म्हणाली, भाऊ, पंप चालू करा आणि बाहेरचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद ठेवा. मी म्हटलं, पाणीच वाहिलं नाही तर मोजणार काय? म्हणाली, काहीच मोजायचं नाही, नुसतं बघायचंय."

प्रवाह बंद असेल तर दोन्ही नळ्यांत पारा एका पातळीवर हवा. तो नव्हता. अर्धा सेंटीमीटरचा फरक, तोही उलट्या बाजूला. जास्त दाबाच्या बाजूला यू-नळीकडे जाणाऱ्या नळीत सहा-साडेसहा सेंटीमीटर हवा अडकली होती. तेवढ्या उंचीच्या पाण्याचं वजन पाऱ्यावर पडत नव्हतं आणि पाण्यापेक्षा पारा साडेतेरापट जड, म्हणून सहा सेंटीमीटर हवेचा अर्धाच सेंटीमीटर दिसला. भाऊंनी हवा काढायचा कॉक उघडला, फुसफुस झाली आणि पारा समपातळीवर आला. मग तिने चारही रीडिंग नव्याने घेतली. वहीतले ०.९७ तिचे स्वतःचे होते.

आता पत्र लिहायला घेतलं. इथे खरी कसरत सुरू झाली, कारण प्रसंग हाती लागला म्हणजे पत्र सुधारलं असं होत नाही.

पहिल्या वेळी मी लिहिलं: "तिची विश्लेषणात्मक क्षमता उत्कृष्ट आहे. उदाहरणार्थ, व्हेंचुरीमीटरच्या प्रयोगातली चूक तिने स्वतः शोधून काढली." वाचून पाहिलं तर जुनंच वाक्य, फक्त त्याला उदाहरणाची शेपटी लावलेली. कसली चूक, कशी शोधली, बाकीचे अशा वेळी काय करतात, काहीच नाही. हजेरीपटाला लावलं तर हे वाक्यही दहा-बारा जणांना बसेल, कारण चूक कुणी ना कुणी शोधतंच.

दुसऱ्या वेळी मी उलट टोकाला गेलो. बर्नुली, यू-नळीचं सूत्र, चारही रीडिंगचा तक्ता. पाऊण पान भरलं आणि त्यात मुलगी दोनदाच दिसली. शिक्षकाची ही खोडच असते, संधी मिळाली की शिकवायला लागतो. समितीत बसलेल्या प्राध्यापकाला व्हेंचुरी समजावून सांगायची गरज नाही, आणि प्रवेश कार्यालयातल्या माणसाला ती समजून घ्यायची इच्छा नाही. दोघांनाही हवं आहे ते एकच: तिच्यापुढे काय होतं आणि तिने काय केलं.

तिसरा मसुदा असा झाला, इंग्रजीतून मराठीत आणून देतो:

"दुसऱ्या वर्षाच्या फ्लुइड मेकॅनिक्स लॅबमध्ये तिच्या गटाला एक अशक्य उत्तर मिळालं, एकपेक्षा जास्त डिस्चार्ज कोइफिशंट. अपेक्षित उत्तर विद्यार्थ्यांना आधीच माहीत असतं आणि ते लिहून मोकळं होणं सोपं असतं. तिने मिळालं तेच उत्तर जर्नलात लिहून माझ्यापुढे ठेवलं. मी कारण न विचारता प्रयोग पुन्हा करायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, आमच्या लॅब असिस्टंटनी मला सांगितल्याप्रमाणे, तिने प्रवाह पूर्ण बंद करून मॅनोमीटर तपासला, नळीत अडकलेली हवा शोधली आणि मगच नवी रीडिंग घेतली. तोंडी परीक्षेत मी तिला विचारलं की चूक तिथेच असेल असं का वाटलं. ती म्हणाली की प्रवाह वाढेल तशी चूक कमी होत होती, म्हणजे ती गुणाकाराची नसून बेरजेची होती. अकरा वर्षं मी ही लॅब घेतो आहे. असं उत्तर दुसऱ्या कुणी दिल्याचं मला आठवत नाही."

यात एकही विशेषण तिच्यासाठी नाही. 'प्रामाणिक' हा शब्द गेला, पण आलेलं उत्तर तसंच लिहून माझ्यापुढे ठेवलं हे आलं. 'विश्लेषणात्मक' गेलं, बेरीज-गुणाकार आला. 'कष्टाळू' गेलं, सकाळचे नऊ आले. वाचणारा ही विशेषणं आपणहून लावेल, आणि त्याने लावलेलं विशेषण माझ्यापेक्षा त्याला जास्त खरं वाटेल.

दोन ठिकाणी मी बराच वेळ अडलो. एक म्हणजे भाऊंनी सांगितलेला भाग. तो मी पाहिलेला नव्हता. "तिने मॅनोमीटर तपासला" असं सरळ लिहिलं असतं तर वाक्य सुटसुटीत झालं असतं, पण साक्ष माझी आणि डोळे भाऊंचे अशी गत झाली असती. "आमच्या लॅब असिस्टंटनी सांगितल्याप्रमाणे" हे शब्द टाकल्यावर मला उलट जाणवलं की परिच्छेद भक्कम झाला. जो माणूस न पाहिलेलं न पाहिलेलंच म्हणून सांगतो, त्याने पाहिलेल्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. शिवाय परिषदेतला पेपर आणि फेस्ट मी पत्रातून साफ वगळलं. ते मी पाहिलं नव्हतं आणि ज्यांनी पाहिलं ते मला भेटले नव्हते.

दुसरी अडचण जास्त खुपणारी होती. त्याच सेटअपवर त्या आठवड्यात बाकीच्या गटांनीही प्रयोग केला होता आणि त्या सगळ्यांच्या वहीत पहिल्या फटक्यात ०.९७ होतं. मोह असा झाला की लिहावं, बाकीच्यांनी आकडे बसवले, हिने नाही. पण मला ते ठाऊक नव्हतं. हवा प्रत्येक वेळी अडकतेच असं नाही, पंप कसा चालू केला यावर ते असतं. इतरांकडे ती नसेलही. आणि त्यांनी आकडे बसवले असतील तर त्या वह्यांवर सही कुणाची होती? माझीच. म्हणून तुलना मी माझ्या आठवणीपुरती ठेवली: मला आठवत नाही. एवढंच मला खात्रीने म्हणता येत होतं.

हे लिहून झाल्यावर मूळ ड्राफ्टमधलं पहिलं वाक्य पुन्हा डोळ्यांपुढे आलं. कष्टाळू, प्रामाणिक, नम्र. मुलग्यांच्या ड्राफ्टमध्ये सुरुवात सहसा 'तल्लख', 'कल्पक', 'नैसर्गिक नेता' अशी असते. विषय निघाला म्हणून सांगतो, फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेन्का या दोघींनी अमेरिकेतल्या एका मोठ्या मेडिकल स्कूलमधल्या नेमणुकांसाठी आलेली तीनशेहून अधिक पत्रं तपासली होती, अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. स्त्रियांसाठीची पत्रं सरासरीने आखूड होती, त्यांत मेहनतीचे उल्लेख जास्त होते आणि मनात शंका पेरणारी वाक्यंही जास्त. ही सगळी निवड झालेल्या उमेदवारांची पत्रं होती, हे विशेष. आमच्याकडे तर मुली स्वतःच स्वतःबद्दल असं लिहितात. 'कष्टाळू' वाचलं की वाचणाऱ्याच्या मनात नकळत उमटतं, म्हणजे हुशारी बेताची असेल, भरून काढलीय मेहनतीने. प्रसंग लिहिला की निदान ही पळवाट बंद होते. पाऱ्याची पातळी बघणाऱ्या मुलीला बेताची म्हणता येत नाही.

अजून एक गोष्ट माझ्या मनात होती. ती गावाहून एसटीने यायची, सव्वापाचची गाडी चुकली तर पुढची पावणेआठला. लॅब पाचला सुटायची. म्हणून ती प्रयोगानंतर थांबली नव्हती आणि म्हणून सकाळी नऊला आली होती. मला वाटलं हे पत्रात हवंच, काय सुंदर तपशील आहे. तिला विचारलं. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सर, एसटीनं तर अर्धा वर्ग येतो. ते नको ना लिहायला." मी नाही लिहिलं. आपल्याकडच्या पत्रांत "गरीब कुटुंबातून येऊनही" हे वाक्य फार हौसेने येतं. पण ते कुणाचं घर आहे आणि उघडं करायचा हक्क कुणाचा, हे लिहिणाऱ्याच्या मनात येत नाही. अर्जात आपल्या परिस्थितीबद्दल लिहायला तिला स्वतःची जागा असते. तिथे लिहायचं की नाही ते तिने ठरवावं. मी एवढं पाहिलं होतं की ती सकाळी आली, आणि तेही मी नाही, भाऊंनी.

पत्रात दुसरा परिच्छेद तिच्या प्रोजेक्टचा होता, तो लहान होता. पहिल्या रिव्ह्यूला तिचा अहवाल दोन पानी होता आणि त्यात निष्कर्ष कशावरून काढले तेच नव्हतं. मी परत पाठवला. दुसऱ्या रिव्ह्यूला प्रत्येक निष्कर्षासमोर कोणत्या तक्त्यावरून ते लिहिलेलं होतं, पण भाषा अजून तुटकच होती. हे मी तसंच लिहिलं. सहकारी म्हणाले, उणं कशाला सांगता? मला ते उणं वाटलं नाही. लिहिण्यात ती कच्ची होती आणि सांगितल्यावर नेमकी तीच बाजू दुरुस्त करून आली. दोन तारखा आणि दोन अहवाल माझ्या फाइलमध्ये होते.

मग तक्ता. 'स्वतंत्र विचार' या ओळीत टॉप पाच टक्के, म्हणजे साठात तीन. यावर मला कुणी प्रश्न केला तर वरचा परिच्छेद दाखवता येईल. 'लेखी अभिव्यक्ती' या ओळीत टॉप पंचवीस, म्हणजे साठात पंधरा. एकूण मूल्यमापन टॉप दहा, म्हणजे सहा. गुणांनी ती वर्गात चौदावी होती आणि हे मला खटकत होतं, पण चौदावी हे गुणपत्रिका सांगणारच आहे. गुणपत्रिकेत जे दिसत नाही ते सांगायला तर पत्र मागवतात. मुख्य म्हणजे तक्ता आणि पत्र एकमेकांशी बोलायला हवेत. सगळे गोल डाव्या टोकाला आणि पत्रात मात्र 'नियमित व नम्र', असं असलं की दोन्ही वाया जातात.

हे तिला माहीत नाही. अर्ज करताना बहुतेक विद्यार्थी पत्र बघण्याचा आपला हक्क सोडतात. अमेरिकेत १९७४ च्या फेर्पा कायद्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला आपली कागदपत्रं बघता येतात, म्हणून अर्जातच विचारून घेतात, हा हक्क सोडताय का? तिने 'हो'वर खूण केली होती. ड्राफ्ट विद्यार्थ्यानेच लिहिलेला असतो तेव्हा या खुणेला काही अर्थ नसतो, हेही त्याच दिवशी लक्षात आलं.

आता प्रामाणिकपणे सांगायचं तर उरलेल्या सात पत्रांचं मी काही केलं नाही. ती गेली होती. आणि त्यानंतरच्या वर्षीही सगळ्यांसाठी व्हेंचुरी सापडली असं नाही. एका मुलाचे गुण तिच्यापेक्षा कितीतरी जास्त होते, वर्गात तिसरा. तो आला तेव्हा मी जर्नल मागितलं, टर्मवर्कच्या नोंदी काढल्या, भाऊंना विचारलं. काही नाही. सगळं स्वच्छ, वेळेवर, बरोबर. त्याच्या पाच ओळींत माझ्या लॅबमधलं काहीही नव्हतं. तो वाईट विद्यार्थी होता म्हणून नव्हे. चार बॅचेस, प्रत्येकी पंधरा मुलं, आठवड्यातून दोन तास, त्यात मी त्याला नीट पाहिलंच नव्हतं. मी त्याला म्हटलं, तू तुझ्या प्रोजेक्ट गाइडकडून घे, त्या तुझ्याबरोबर वर्षभर बसल्या आहेत.

तो नाराज झाला. "सर, पण मॅडम असिस्टंट प्रोफेसर आहेत. तुमच्या नावापुढे एचओडी आहे."

हा गैरसमज मुलांच्या मनातून काढणं सगळ्यांत अवघड. मी त्याला विचारलं, मी काय लिहू ते तूच सांग, माझ्यासमोर घडलेलं. त्याने बराच विचार केला आणि शेवटी म्हणाला, "मी कधी लेट सबमिशन केलं नाही सर." मला ग्राइस आठवला, पण त्याला ते सांगण्यात अर्थ नव्हता. तो मॅडमकडे गेला. त्यांनी काय लिहिलं ते मला ठाऊक नाही, पण त्या दोन दिवस त्याची लॉगबुक घरी घेऊन गेल्या होत्या हे मी पाहिलं.

त्याच्या बाबतीत चूक माझ्या बाजूचीही होती. पत्र डिसेंबरात लिहायचं असतं, पण त्याचा मजकूर दीड-दोन वर्षं आधी कुठल्या तरी मंगळवारी दुपारी घडून गेलेला असतो, आणि त्या वेळी मी मोबाइलवर विभागाचे मेल बघत असतो. म्हणून आता लॅबच्या ड्रॉवरमध्ये एक दोनशेपानी वही ठेवली आहे. बॅच गेली की दोन ओळी लिहितो, सगळ्यांबद्दल नाही, काही दिसलं तरच. बऱ्याच दिवशी काहीच लिहून होत नाही. कधी भाऊच खूण करतात, "ते बघा सर, तिकडं काय चाललंय."

गेल्या मंगळवारची नोंद अशी आहे: बी-दोन, ऑरिफिस मीटर. रोल नंबर तेवीस. तिसरं रीडिंग खोडून शेजारी वेळ लिहिलीय, ३:४०. का, ते विचारायचं राहिलं.